लग्नाच्या डीव्हीडीतून व्यक्तिचित्रासाठी फ्रेम काढायच्या आहेत, चेहरा स्पष्ट कसा मिळेल?

रंगपेटी

नमस्कार मंडळी. एका कुटुंबासाठी त्यांच्या दिवंगत आजोबांचं तैलचित्र करते आहे, 18 × 24 इंच. हातात एक पासपोर्ट फोटो आहे आणि 2003 सालच्या लग्नाची डीव्हीडी. पासपोर्ट फोटोत आजोबा ताठ आणि गंभीर. घरच्यांचं म्हणणं, "ते असे कधीच दिसायचे नाहीत, पंगतीत बसलेत तसे करा." डीव्हीडीत पंगतीचा साधारण सहा सेकंदांचा तुकडा आहे. आजोबा शेजाऱ्याचं काहीतरी ऐकतात, मान वळवून हसतात आणि पुन्हा पानाकडे बघतात. हवा आहे तो नेमका तोच चेहरा.

व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घेतले, पण कडा करवतीसारख्या दातेरी येतात. मान वळते तिथे तर नाकाच्या दोन रेषा दिसतात. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा जेमतेम 100 पिक्सेल उंच आहे. यातून चित्रासाठी उपयोगी पडेल असं किती निघू शकतं आणि कसं काढायचं?

मधुकर_नाशिक

ताई, एवढी खटपट कशाला? टीव्हीवर लावा, थांबवा आणि चांगल्या मोबाईलने टीव्हीचा फोटो काढा. आमच्याकडे फ्लेक्स करणारा असाच फोटो घेऊन मागचं काढून टाकतो आणि हार घालून देतो. 2 × 3 फुटांवर लांबून छान दिसतं.

रंगपेटी

मधुकरकाका, मला फोटो छापायचा नाही, समोर ठेवून त्यावरून रंगवायचं आहे. डोळ्याची खोबण कुठे वळते, गालाची सावली कुठे संपते, हे बघायचं आहे. टीव्हीचा फोटो काढून पाहिला, त्यात टीव्हीच्याच ठिपक्यांची नक्षी चेहऱ्यावर येते.

वाटसरू

स्क्रीनशॉट नको, व्हीएलसीमध्येच फ्रेम काढा. थांबवून `E` दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते आणि `Shift+S` दाबलं की चित्र साठवलं जातं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे फक्त की-फ्रेम काढणं. व्हिडिओत काही मोजक्या फ्रेम पूर्ण साठवलेल्या असतात, बाकीच्या मागच्यापुढच्या फ्रेमवरून बेतलेल्या असतात. पूर्ण फ्रेम नेहमी सर्वांत शार्प असते. एका ओळीचं काम आहे:

```
ffmpeg -skip_frame nokey -i VTS_01_2.VOB -fps_mode passthrough k_%04d.png
```

फीत_ते_फाईल

वाटसरू, की-फ्रेमबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. त्या फ्रेमवर कॉम्प्रेशनचा मार सहसा कमी असतो हे खरं. पण त्या कुठे पडतात ते एन्कोडर ठरवतो, आजोबांचं हसू बघून ठरवत नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत साधारण दर 12 ते 15 फ्रेमला एक की-फ्रेम येते. म्हणजे सहा सेकंदांत फार तर डझनभर, आणि त्यातल्या निम्म्यांत मान हलत असणार किंवा डोळे मिटत असणार. हललेली फ्रेम पूर्ण साठवली तरी हललेलीच राहते. आधी सगळ्या फ्रेम काढा, निवड नंतर.

आता दातेरी कडांचं. रंगपेटी, 2003 च्या लग्नाची डीव्हीडी जवळजवळ नक्की इंटरलेस आहे. कॅमेरा सेकंदाला 25 पूर्ण चित्रं घेत नव्हता, 50 अर्धी चित्रं घेत होता. एकदा विषम ओळी, सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. तुम्ही थांबवता तेव्हा ही दोन वेगळ्या क्षणांची अर्धी चित्रं एकात एक विणलेली दिसतात. मान स्थिर असेल तर काही कळत नाही, वळत असेल तर कंगवा दिसतो. नाकाच्या दोन रेषा दिसतात त्याचं कारण वेगळं: प्लेअर 'ब्लेंड' पद्धतीने दोन्ही अर्धी एकमेकांत मिसळतोय. तशा फ्रेमवरून काम करू नका. त्यातला चेहरा प्रत्यक्षात कुठल्याच क्षणी नव्हता.

करायचं असं. डीव्हीडीतलं `VIDEO_TS` फोल्डर जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवा. आधी एमपी4 वगैरे करू नका, तिथे एकदा जास्तीचं कॉम्प्रेशन होतं. व्हीएलसीत VOB फाईल लावून तुकड्याची वेळ टिपून घ्या. मग:

```
ffmpeg -ss 00:12:31 -i VTS_01_2.VOB -t 6 -vf "bwdif=mode=send_field:deint=all,scale=768:576:flags=lanczos,setsar=1" f_%04d.png
```

`send_field` महत्त्वाचं आहे. त्याने प्रत्येक अर्ध्या चित्राची स्वतंत्र फ्रेम बनते, म्हणून 6 सेकंदांच्या 300 फ्रेम मिळतील, 150 नाहीत. निवडीला दुप्पट क्षण मिळतात. `scale` यासाठी की डीव्हीडीत चित्र 720 × 576 असं साठवलेलं असतं आणि त्याचे पिक्सेल चौरस नसतात. तसंच काढलं तर आजोबा बारीक दिसतील. जेपीजी नको, पीएनजीच ठेवा.

एक गोष्ट मनात धरून निवड करा. एका अर्ध्या चित्रात उभ्या दिशेने 288 ओळींचाच खरा माल असतो. चेहरा स्थिर असेल तिथे हा फिल्टर शेजारच्या अर्ध्या चित्रातून उरलेल्या ओळी आणतो आणि पूर्ण 576 मिळतात. हालचाल असेल तिथे मधल्या ओळी अंदाजाने भरतो. म्हणजे स्थिर क्षणाचा फायदा दुहेरी आहे: पुसटपणा कमी आणि ओळी दुप्पट.

रंगपेटी

वा! 300 फ्रेम निघाल्या, कंगवा गेला. पण एक विचित्र दिसतंय. एकेक फ्रेम पुढे नेली की आजोबांचा वाटीकडे जाणारा हात दोन पावलं पुढे आणि एक पाऊल मागे असा जातो. हे काय?

फीत_ते_फाईल

अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा लागलाय. कुठलं अर्धं आधीचं याची खूण फाईलमध्ये असते आणि घरगुती डीव्हीडींत ती बऱ्याचदा चुकीची असते. डीव्ही कॅसेटवर खालचं अर्धं आधी येतं. ते डीव्हीडीवर उतरवताना सॉफ्टवेअरने 'वरचं आधी' असं लिहून ठेवलं की हा घोळ होतो. `mode=send_field` च्या पुढे `:parity=bff` जोडा. तरीही हात मागेपुढे झाला तर `:parity=tff`. हात सरळ जायला लागला की क्रम बरोबर.

हे दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रम उलटा असेल तर फिल्टर चुकीच्या क्षणाच्या ओळी उसन्या घेतो आणि पापण्यांच्या आसपास बारीक दाते राहतात.

वाटसरू

की-फ्रेमचं मान्य. पण 300 फ्रेम डोळ्यांनी कोण बघणार? ओपनसीव्हीत लाप्लासियनचा व्हेरियन्स काढा, आकडा जितका मोठा तितकी फ्रेम शार्प. वरच्या दहा घ्या की झालं.

रंगपेटी

वाटसरू, भाचीच्या मदतीने ते करून पाहिलं. आधीच्या, न सुधारलेल्या फ्रेमवर आणि नव्या फ्रेमवर, दोन्हीकडे. जुन्यांत सर्वांत जास्त आकडा नेमका त्या फ्रेमला मिळाला जिच्यात मान सर्वांत जोरात वळते! नव्यांत वरच्या दहांपैकी सातांत आजोबा धूसर आणि मागच्या काकूंच्या साडीचे काठ लखलखीत.

फीत_ते_फाईल

दोन्ही निकाल अगदी अपेक्षित आहेत. तो आकडा शेजारच्या पिक्सेलमध्ये अचानक किती फरक पडतो एवढंच मोजतो. कंगव्याचे दाते म्हणजे दर ओळीला अचानक फरक, म्हणून जितकी मान जोरात तितका आकडा मोठा. जरीचे काठ, भिंतीवरची माळ, अंधारातला दाणेदारपणा, कॉम्प्रेशनच्या चौकोनांच्या कडा, सगळंच त्याला शार्प वाटतं. म्हणून दोन पथ्यं: कंगवा काढल्यानंतरच मोजायचं आणि फक्त चेहऱ्यापुरतं मोजायचं. त्याआधी किंचित गाऊसियन ब्लर दिला की दाणेदारपणाचा वाटा कमी होतो.

```python
import cv2, glob
x, y, w, h = 310, 140, 110, 130
r = []
for p in sorted(glob.glob("f_*.png")):
    g = cv2.imread(p, 0)[y:y+h, x:x+w]
    g = cv2.GaussianBlur(g, (3, 3), 0)
    r.append((cv2.Laplacian(g, cv2.CV_64F).var(), p))
for s, p in sorted(r, reverse=True)[:40]:
    print(round(s, 1), p)
```

`x, y` म्हणजे चौकटीचा वरचा डावा कोपरा आणि `w, h` म्हणजे तिची रुंदी आणि उंची, चारही तुमच्या फ्रेमवरून बघून भरा. चौकट भुवईच्या वरपासून हनुवटीपर्यंतच ठेवा. टोपी किंवा फेटा असेल तर तो बाहेर, नाहीतर त्याची कडाच आकडा ठरवेल. आजोबा फार सरकत असतील तर तुकड्याचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाला वेगळी चौकट द्या आणि त्या त्या भागापुरतीच तुलना करा. एका क्लिपचा आकडा दुसऱ्या क्लिपशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

आणि वरच्या दहा घेऊन थांबू नका, चाळीस घ्या. या आकड्याला डोळे मिटलेत की उघडे ते कळत नाही. अर्धवट मिटलेल्या पापणीची फ्रेमही व्यवस्थित शार्प असते. आकड्याने फक्त वाईट फ्रेम बाहेर काढायच्या. चांगली कुठली ते तुमच्याच डोळ्यांनी ठरणार.

शाडू

मातीत मुखवटे आणि अर्धपुतळे करतो, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही. फ्रेम कशी काढायची ते वर नीट आलंच आहे. निवडताना कुठे बघायचं ते सांगतो.

हालचाल जिथे उलटते तिथे माणूस क्षणभर थांबलेला असतो. मान उजवीकडे वळून परत फिरते त्या टोकाला, हसू पूर्ण फुलून ओसरायला लागतं त्या क्षणी, वाक्य संपून ओठ मिटतात तिथे. गणित साधं आहे: कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकं उघडं असेल आणि चेहरा सेकंदाला 200 पिक्सेल सरकत असेल तर प्रत्येक कड 4 पिक्सेल फासली जाते. रंगपेटी, तुमच्या चेहऱ्यात एक डोळा जेमतेम 15 पिक्सेल रुंद असणार. त्यातले 4 गेले की पापणीची घडी संपलीच. टोकाच्या त्या क्षणी हा वेग शून्याच्या जवळ येतो. अशी चार-पाच टोकं सहा सेकंदांत नक्की सापडतील. प्रत्येक टोकाच्या आगेमागे पाच-सहा फ्रेम बघा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फ्रेममध्ये दिसतं ते सगळं चेहऱ्यावर नसतं. डीव्हीडीचं कॉम्प्रेशन चित्राचे 8 × 8 चे चौकोन पाडतं. 100 पिक्सेलच्या चेहऱ्यात उभे साधारण बाराच चौकोन बसतात. गालावर आणि कपाळावर ते चौकोन सपाट पडतात आणि मोठं करून बघितलं की हाडाच्या पैलूसारखे दिसतात. मातीत ते पैलू घडवले की चेहरा लाकडी होतो. ओळखायचं कसं, तर दोन फ्रेम पुढे जा. पैलू चेहऱ्याबरोबर सरकला तर तो हाडाचा. पडद्यावर जागच्या जागी राहिला आणि चेहरा त्याखालून सरकला तर तो चौकोनाचा.

तसंच गडद कडेच्या बाहेर एक पांढरी रेघ दिसेल, विशेषतः टोपी आणि कानाच्या कडेला. तो मागून येणारा उजेड नाही, त्या काळचे कॅमेरे कडा उठावदार करायला ती रेघ स्वतःच घालायचे. खरा उजेड एकाच बाजूला पडतो, ही रेघ टोपीच्या डाव्या आणि उजव्या दोन्ही कडांबाहेर सारखी असते.

नूपुर

माझाही असाच प्रश्न आहे, म्हणून इथेच विचारते. मुलीच्या नृत्याच्या सरावाचा मोबाईल व्हिडिओ आहे, रात्री ट्यूबलाईटमध्ये घेतलेला. ग्रुपवर आलेला आहे. तिच्या हस्तमुद्रांची रेखाचित्रं करायची आहेत. वरच्या कमांडने फ्रेम काढल्या तर बोटं वाफेसारखी दिसतात. `bwdif` चा काहीच परिणाम झाला नाही.

फीत_ते_फाईल

नूपुर, मोबाईलचा व्हिडिओ इंटरलेस नसतो, त्यामुळे `bwdif` काढून टाका. उगाच लावलं तर `deint=all` मुळे चांगल्या ओळीही बदलल्या जातात. त्याऐवजी हे:

```
ffmpeg -i clip.mp4 -fps_mode passthrough m_%05d.png
```

`passthrough` अशासाठी की मोबाईल कमी उजेडात फ्रेमचा वेग कमीजास्त करतो. हे न लिहिल्यास वेग सारखा दाखवायला काही फ्रेमच्या दोन-दोन प्रती निघतात.

बोटांचं मात्र या फाईलमधून होणार नाही. कमी उजेडात मोबाईल शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तेवढ्यात बोटं फिरलेली असतात, आणि ग्रुपवर पाठवताना झालेलं कॉम्प्रेशन उरलंसुरलं पुसतं. पुसट झालेलं बोट कुठलाच फिल्टर परत आणत नाही. ज्यांनी घेतला त्यांच्याकडून मूळ फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. त्यात निदान मुद्रा धरून थांबलेल्या जागा चांगल्या निघतील.

पुन्हा घेता येत असेल तर दिवसा, खिडकीच्या उजेडात, सेकंदाला 60 फ्रेमवर घ्या. 60 वर एका फ्रेमचं शटर सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं राहूच शकत नाही. प्रो मोड असेल तर 1/200 किंवा त्याहून वेगवान ठेवा. रात्री दिव्याखालीच घ्यायचं असेल तर 1/100 वर थांबा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होते. 1/100 ला प्रत्येक फ्रेमला एक पूर्ण लाट मिळते. त्याहून वेगवान गेलात तर आडवे पट्टे येण्याची शक्यता असते.

नूपुर

डॉक्युमेंट म्हणून मूळ फाईल मागवली. फरक बराच आहे, थांबलेल्या मुद्रांत नखंसुद्धा दिसतात. चालत्या हालचाली सोडून देते. आभार.

रंगपेटी

`bff` लावलं आणि हात सरळ जायला लागला. चेहऱ्यापुरती चौकट ठेवून 300 पैकी 40 उरल्या. त्यातून मिटलेले आणि अर्धे मिटलेले डोळे काढून 16, आणि शाडूंनी सांगितलेली टोकं बघून 7 ठेवल्या. पाच एकाच जागच्या आहेत, हसू पूर्ण फुललंय आणि मान किंचित उजवीकडे आहे. एक समोरून पानाकडे बघतानाची, एक जवळजवळ बाजूने.

शाडू, तुमची चौकोनाची परीक्षा करून बघितली. डाव्या गालावर मी जिला वयाची खोक समजत होते ती जागची हलली नाही, गाल मात्र तिच्याखालून गेला. रंगवून मोकळी झाले असते.

आता पुढचा प्रश्न. त्या पाच सारख्या फ्रेम एकत्र करून एक स्वच्छ फ्रेम करता येईल का?

फीत_ते_फाईल

येईल, आणि करा. एकाच क्षणाच्या 9 फ्रेमची सरासरी घेतली तर दाणेदारपणा साधारण एक तृतीयांशावर येतो. पाचांतही निम्म्याहून थोडा खाली जाईल. इथे एक मजेशीर फायदा आहे: चेहरा दोन-तीन पिक्सेल सरकलेला असेल तर उत्तमच. चेहरे एकावर एक जुळवले की चौकोनांची जाळी जुळत नाही, त्यामुळे सरासरीत ती पुसली जाते.

फोटोशॉप असेल तर `File > Scripts > Load Files into Stack`, त्यात आपोआप जुळवण्याच्या खुणेवर टिक करा, मग सगळे लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करून `Stack Mode` मध्ये `Median`. मात्र आधी प्रत्येक फ्रेम चेहऱ्यापुरती कापून घ्या. पूर्ण फ्रेम दिली तर ते भिंत आणि पंगत जुळवतं आणि चेहरे सरकलेले राहतात. गिंपमध्ये लेयर हाताने जुळवावे लागतात. मग खालून वर अपारदर्शकता 100, 50, 33, 25, 20 अशी ठेवली की बरोबर पाचांची सरासरी होते. जुळवताना एक लेयर 50 टक्के ठेवून दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांवर नेम धरा. ओठांवर धरू नका, ते हसताना हलतात.

शाडू

माझा इथे थोडा विरोध आहे. सरासरीने गाल आणि कपाळ सुधारतं, कबूल. पण हसताना डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या प्रत्येक फ्रेमला किंचित वेगळ्या असतात. सरासरीत त्या नाहीशा होतात आणि म्हातारा माणूस पन्नाशीचा दिसतो. मी एकच फ्रेम घेतो आणि दाणेदारपणा सहन करतो.

फीत_ते_फाईल

तुमचं म्हणणं पाचही फ्रेम लांबलांबच्या क्षणांच्या असतील तर खरं. सेकंदाच्या दहाव्या भागातल्या लागोपाठच्या पाच असतील तर सुरकुत्या तेवढ्यात हलत नाहीत. रंगपेटींच्या फ्रेमचे क्रमांक काय आहेत?

रंगपेटी

142, 143, 145, 146 आणि 151. 151 मध्ये ओठ किंचित मिटलेत, ती वगळून चारांची केली. गालावरचे चौकोन गेले, कपाळाची गोलाई पहिल्यांदा नीट दिसली. डोळ्याच्या कोपऱ्यात शाडू म्हणतात तसं थोडं गेलंय, पण 143 मध्ये ते स्वच्छ आहे. दोन्ही प्रिंट शेजारी लावल्यात: गालांसाठी सरासरीची, डोळ्यांसाठी 143. पापणीची घडी मात्र दोन्हींत नाही, ती पासपोर्ट फोटोवरून घेते. त्यात उजेड समोरून आहे, त्यामुळे सावली घ्यायची नाही, फक्त घडीची जागा.

रंगांचं काय करायचं? गाल आणि ओठांचा लाल रंग ओठांच्या उजवीकडे सांडल्यासारखा दिसतोय.

फीत_ते_फाईल

म्हणजे मूळ चित्रण बहुधा व्हीएचएसवर झालंय किंवा मधे कधीतरी व्हीएचएसवरून गेलंय. व्हीएचएस उजेडअंधाराची जेमतेम 240 ओळींची बारकाई धरतं, रंगाची त्याहून कितीतरी कमी. शिवाय रंग थोडा बाजूला सरकतो, प्रत झाली की आणखी सरकतो. फ्रेम कृष्णधवल करून वापरा. रंगाची कड त्यातून घेऊ नका. त्वचेचा साधारण रंग घरच्या कुठल्याही जुन्या रंगीत फोटोवरून ठरवा.

मूळ कॅसेट कुणाकडे आहे का विचारा. मिनीडीव्ही असेल तर फायरवायरने थेट फाईल उतरते, सेकंदाला 25 मेगाबिटची, तासाला साधारण 13 जीबी. डीव्हीडीवर त्यातला लहानसा भागच उरलेला असतो. रंग सांडलेले बघता ती व्हीएचएसच निघेल असं मला वाटतं, पण विचारायला हरकत नाही.

वाटसरू

एक शंका. `scale=768:576` का? पाल 4:3 मध्ये खऱ्या चित्राची रुंदी 720 नसून साधारण 702 पिक्सेल असते, कडेचे पिक्सेल चौकटीबाहेरचे असतात. त्या हिशोबाने चौरस पिक्सेलसाठी 787 रुंदी यायला हवी. व्हिडिओ बघताना कुणाला कळणार नाही, पण व्यक्तिचित्रात चेहरा अडीच टक्के अरुंद झाला तर फरक पडेल.

फीत_ते_फाईल

मुद्दा बरोबर आहे. प्रसारणाच्या मापाने 787, आणि डीव्हीडीची फाईल स्वतःला 4:3 म्हणवते त्या अर्थाने 768. कुठल्या कॅप्चर कार्डाने कोणता नियम पाळला ते फाईल बघून कळत नाही. चित्रात एखादी खात्रीची गोल वस्तू असेल तर मोजून ठरवता येईल. पंगतीतलं ताट चालणार नाही, ते तिरकं दिसतं. भिंतीवरचं घड्याळ समोरून दिसत असेल तर चालेल, पण फ्रेमच्या कोपऱ्यातलं नको, तिथे लेन्स ओढते.

शाडू

आणि त्याच न्यायाने पासपोर्ट फोटोची रुंदीही प्रमाण मानू नका. स्टुडिओतला कॅमेरा किती लांब होता त्यावर नाक आणि कानांचं प्रमाण बदलतं. पंगतीचं चित्रण दोन-तीन मीटरवरून झालं असेल तर रुंदीच्या बाबतीत माझा विश्वास त्याच्यावर जास्त.

रंगपेटी

घड्याळ आहे, मांडवाच्या मागच्या भिंतीवर, जवळपास मधोमध. 768 च्या फ्रेममध्ये मोजलं: रुंदी 61, उंची 62. 787 केलं तर रुंदी 62 आणि 63 च्या मधे कुठेतरी. कड इतकी पुसट आहे की एक पिक्सेल इकडेतिकडे मीच धरू शकते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी कौल लागतो.

कॅसेटबद्दल विचारलं. व्हीएचएसच होती, ज्यांनी चित्रण केलं त्यांनी ती पुढे दुसऱ्या लग्नाला वापरली.

रुंदीचं असं करते आहे: फ्रेम 143 च्या दोन बाह्यरेखा ट्रेसिंग पेपरवर काढल्या, एक 768 ची, एक 787 ची. त्यावर काही लिहिलेलं नाही. रविवारी आजींसमोर दोन्ही ठेवणार आहे.

वाटसरू

आजी काय म्हणाल्या ते इथे लिहा. आणि तिसरी एक, 778 ची, पण ठेवा.